चाकाचं वजन रद्दीवाल्याच्या काट्यावर: स्प्रिंगखालचे किलो कसे मोजायचे आणि कसे उतरवायचे

भाच्याने गाडीला सतरा इंची अलॉय बसवले आणि महिन्याभरात आमच्या ताईने मागच्या सीटवर बसणं सोडलं. "मामा, गाडी काऊन अशी उडून राहिली? शॉकअप गेले का?" असं विचारत तो गाडी घेऊन आला. गाडी अकरा महिन्यांची हॅचबॅक. शॉकअप कोरडे, टायरची हवा बरोबर, अलाइनमेंटचा कागद डॅशबोर्डवर. नागपुरात मानेवाड्याहून सीताबर्डीपर्यंत मी शेजारी बसून आलो. सिमेंटच्या रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्याला आधी एक कोरडा 'टक' आणि त्याच्यामागे बारीक 'तर्रर्र' येत होती. आरसा थरथरत होता. एका सिग्नलआधी डांबर उखडलं होतं, तिथे त्याने जरा जोरात ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर एबीएस गर्रर्र करायला लागलं.

"पण हे अलॉय आहेत," तो म्हणाला. "दुकानवाल्याने सांगितलं, लोखंडापेक्षा हलकेच असतात."

मी म्हटलं, चल, तोलून पाहू. पुढे जे लिहिलंय ते त्या तोलण्यातून निघालेलं आहे. गाडीचं चाक पहिल्यांदाच बदलायचा विचार करणाऱ्याला ते त्याच क्रमाने करता येईल.

स्प्रिंगखालचं म्हणजे नेमकं काय

गाडीचं वजन दोन भागांत वाटलेलं असतं. बॉडी, इंजिन, सीट आणि आपण हे सगळे स्प्रिंगवर बसलेलो असतो. टायर, रिम, ब्रेकची डिस्क, कॅलिपर, हब, बेअरिंग आणि त्यांना धरून ठेवणारा नकल हे स्प्रिंगच्या खाली असतात आणि रस्त्याबरोबर वरखाली होतात. यालाच अनस्प्रंग वेट म्हणतात. लोअर आर्म, ड्राइव्ह शाफ्ट, शॉकअप आणि स्प्रिंग यांचं एक टोक बॉडीकडे आणि एक चाकाकडे असतं, म्हणून त्यांचं ढोबळमानाने निम्मं वजन खालच्या खात्यात धरायचं.

हे वजन वेगळं का मोजायचं, हे आपल्या विदर्भातल्या माणसाला समजायला सोपं आहे. पावसात काळ्या मातीच्या शेतातून चालून पाहा. दहा पावलांत दोन्ही बुटांना किलो-किलो चिखल चढतो. पाय उचलायला उशीर, टेकवायला उशीर, आणि बांधावर पाऊल हवं तिथे पडतच नाही. तोच दोन किलोचा ऐवज पाठीवरच्या पिशवीत टाकला तर चालण्यात फारसा फरक पडत नाही. गाडीलाही डिकीतले चार किलो जाणवत नाहीत, चाकातले चार जाणवतात.

आता रस्ता अचानक तीन सेंटिमीटर खाली गेला असं धरा, जसा सिमेंटचा पट्टा संपून डांबर सुरू होतं तिथे जातो. बॉडी जड असते, ती तेवढ्या वेळात जागची हलत नाही. चाकाला खाली रस्त्यापर्यंत पोचवायचं काम दाबलेल्या स्प्रिंगचं. स्प्रिंगचा जोर ठरलेला असतो, तेव्हा चाक जितकं हलकं तितकं ते लवकर खाली पोचतं. ते पोचेपर्यंत टायरवर भार नसतो किंवा फार कमी असतो, आणि भार नसलेल्या टायरला पकडही नसते. भाच्याच्या गाडीचं एबीएस याच कारणाने जागं झालं होतं. उखडलेल्या डांबरावर चाक क्षणभर हलकं पडायचं, ब्रेकमुळे लगेच लॉक व्हायला बघायचं, आणि एबीएस ब्रेक सोडायचं.

उंचवट्यावर याच्या उलट घडतं. चाक वर फेकलं जातं आणि जड असेल तर उंचवटा संपला तरी वर जातच राहतं. तो जोर शॉकअपमधून बॉडीत शिरतो आणि ताईच्या पाठीपर्यंत येतो.

आधी बिघाड वगळा

नवीन माणूस इथे घाई करतो. जड चाकाची लक्षणं आणि बिघडलेल्या सुट्या भागांची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात. ती वेगळी करायला गाडीत दोन तऱ्हेचे झोके असतात हे लक्षात ठेवायचं. बॉडीचा झोका सावकाश असतो, सेकंदाला एक ते दीड. डब्यातलं वरण हिंदकळतं ते याने. चाकाचा झोका जलद, सेकंदाला साधारण दहा ते तेरा. आरसा धूसर होतो आणि स्टीअरिंग हाताला गुदगुल्या करतं ते याने. गाडी लाटेवर होडीसारखी डुलत असेल तर चाक हलकं करून काही होणार नाही. तक्रार दुसऱ्या झोक्याची असेल तरच पुढे वाचा.

थरथर ठरावीक वेगाला, गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा येत असेल तर ते बहुधा बॅलन्सिंगचं काम आहे. आपल्या हॅचबॅकच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किलोमीटरला चाक सेकंदाला पावणेतेरा फेऱ्या मारतं, म्हणजे नेमक्या त्याच्या स्वतःच्या झोक्याच्या चालीत. म्हणून बॅलन्स बिघडलेली गाडी ८०-९० ला थरथरते आणि ११० ला पुष्कळदा शांत होते. शेतावरून आल्यावर ही तक्रार नव्याने सुरू झाली असेल तर बॅलन्सिंगच्या दुकानात जाण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून पाहा. वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा एकाच बाजूला चिकटलेला सापडतो. पाण्याच्या पाइपने तो काढला की काम झालं.

शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का आणि टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखी झीज आहे का हेही पाहा. बोनेट दाबून सोडायची चाचणी सगळे करतात, पण तिच्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडला जातो, निम्मा दमलेला सुटतो. हे महत्त्वाचं अशासाठी, की चाकाचा झोका मारायचं काम शॉकअपच करतो. तो निम्मा दमला तर जे नुकसान होतं ते चाकात चार किलो वाढल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठं असतं. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला हलके अलॉय घेण्याआधी त्याच पैशातून शॉकअप बघावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हवेचं तर विसरूच नका. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि बरेच लोक पंपावर गरम टायरमध्ये हवा बघतात. सकाळी गाडी हलवण्याआधी बघा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा आहे तेवढीच ठेवा. "चार पॉइंट जास्त टाकतो, ॲव्हरेज चांगलं येईल" म्हणणाऱ्या पोराला हात जोडून नाही म्हणा. जास्त हवेचा टायर स्वतःच दगडासारखा होतो, मग चाक कितीही हलकं केलं तरी 'टक' राहतोच.

चाक तोला

घरात बाथरूमचा वजनकाटा असेल तर चाक हातात घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. पण त्यात अर्धा-एक किलोची चूक सहज होते आणि आपला सगळा हिशेबच चार किलोंचा आहे. म्हणून मी चाक सरळ गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे नेतो. त्याच्याकडे जमिनीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. तो काटा खरं बोलतो का हे पाहायला सोबत कणकेची पाच किलोची सीलबंद पिशवी न्यायची. आमचा रद्दीवाला ती पिशवी बघून हसला. "साहेब, विकायला आणलं की तोलायला?" म्हणाला. काटा चोख होता, त्यामुळे मला जरा वाईटच वाटलं.

चाक काढताना जॅक सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट द्या, आणि नट जॅकवर उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करा. टायरसकट तोलायचं. नुसती रिम तोलून उपयोग नाही, कारण रिम मोठी झाली की टायरही बदलतो. वजनाबरोबर टायरच्या बाजूवरचा आकार, रिमची रुंदी आणि रिमच्या आत कोरलेला ऑफसेटचा आकडा, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे तो, वहीत लिहून घ्या.

भाच्याच्या चाकाचं वजन भरलं २०.३ किलो. त्यात २०५/४५ आर १७ टायर. दुकानवाल्याने काढून दिलेली मूळची लोखंडी चाकं त्याच्या गच्चीवर पडून होती. १८५/६५ आर १५ टायरसकट त्यांतलं एक भरलं १६.२ किलो. म्हणजे 'हलकं' अलॉय लोखंडापेक्षा चार किलो जड.

यात कोणी खोटं बोललं असं नाही. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू लोखंडापेक्षा हलका हे खरंच आहे. पण साच्यात ओतलेल्या स्वस्त अलॉयला मजबुतीसाठी जाडी ठेवावी लागते, आणि पंधराची सतरा इंच केली की धातूचा घेरही वाढतो. एकाच मापाचं साधं ओतीव अलॉय आणि लोखंडी रिम यांची वजनं पुष्कळदा जवळपास सारखी निघतात. म्हणून 'अलॉय' हा शब्द ऐकून काही ठरवू नये, काट्याला विचारावं.

हिशेब मांडा

पुढच्या एका चाकाजवळचा बाकीचा ऐवज, म्हणजे डिस्क, कॅलिपर, हब, नकल आणि आर्म-शाफ्टचा निम्मा वाटा, या आकाराच्या गाडीत मी अंदाजे २० किलो धरतो. मागे ड्रम ब्रेक आणि साधा बीम असेल तर चाकामागे १४ किलो धरतो. हे अंदाज आहेत, पण तुलना करायला पुरतात, कारण चाक कुठलंही बसवलं तरी ते तेच राहतात.

भाच्याची गाडी, आत तो आणि मी. पुढच्या एका स्प्रिंगवर सुमारे २७५ किलो. लोखंडी चाकासकट स्प्रिंगखाली ३६, म्हणजे वरच्या साडेसात किलोमागे खालचा एक. सतरा इंची चाकाने हे खालचं वजन ४० झालं आणि गुणोत्तर सातच्या खाली गेलं. वाईट, पण आकाश कोसळावं असं नाही.

खरी गंमत मागे आहे. मागची सीट रिकामी असताना मागच्या एका स्प्रिंगवर फक्त १६५ किलोच्या आसपास भार असतो. लोखंडी चाकाला गुणोत्तर साडेपाच, सतरा इंचीला पाचच्याही खाली. म्हणजे चाकाला खाली ढकलायला स्प्रिंगमध्ये जोर कमी आणि ढकलायचं चाक जड. शिवाय चाकाच्या उसळीला दाबून धरायला वर वजन नाही. लहान गाडीची मागची बाजू उडते ती यामुळे, आणि "गाडी भरली की काय मस्त चालते" असं आपण म्हणतो तेही यामुळेच. गाडी भरल्याने चाक हलकं होत नाही, फक्त वरचं पारडं जड होतं. ताई एकटी मागे बसायची तेव्हा ते पारडं पुरेसं जड होत नव्हतं.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. ताईचा सगळा त्रास त्या चार किलोंचा नव्हता. मूळ टायरची बाजूची भिंत १२० मिलिमीटर उंच होती, सतरा इंचीची फक्त ९२. रबराची ती भिंतच पहिला धक्का गिळते. कानाला आणि पाठीला दोन्ही वेगवेगळे ओळखता येतात: सांध्यावर येणारा कोरडा 'टक' हा बुटक्या टायरचा, आणि त्यामागून येणारी 'तर्रर्र', शिवाय खडबडीत वळणावर किंवा ब्रेकखाली सुटणारी पकड ही वजनाची. मोठी रिम घेतली की दोन्ही एकदम येतात आणि लहान रिम घेतली की दोन्ही एकदम जातात. म्हणून इंच कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. जुन्या चाकांवर परत गेलं तर खर्च जवळपास शून्य.

'चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो' असली वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळतील. कोणी चार म्हणतं, कोणी दहा, कोणी वीस. असा ठरलेला भाव नाही. तो गाडीच्या गुणोत्तरावर, शॉकअपवर आणि रस्त्यावर अवलंबून असतो.

नवीन चाक निवडताना

भाच्याला लोखंडी चाकावर परत जायचं नव्हतं. चाळिशीत आपणही गेलो असतो, चोविसाव्या वर्षी कोणी जात नाही. तेव्हा आम्ही पंधरा इंचाचंच हलकं अलॉय शोधायचं ठरवलं.

बाजारात तऱ्हा तीन. साधं ओतीव अलॉय सगळ्यात स्वस्त आणि जड. दुसऱ्या तऱ्हेत मधला भाग ओततात आणि कडा गरम असताना फिरवून, दाबून पातळ करतात. त्याला फ्लो फॉर्म्ड म्हणतात. धातू दाबला गेल्याने कमी जाडीतही टिकतो. तिसरं घडीव, म्हणजे फोर्ज्ड, सगळ्यात हलकं आणि मजबूत, पण आपल्या हॅचबॅकला त्याचा खर्च मला पटत नाही. मधली तऱ्हा घ्या.

हलकं म्हणून बिनखुणेचं चाक मात्र घेऊ नका. रिमच्या आत किंवा आऱ्यामागे किती किलो भार झेपेल तो आकडा कोरलेला असतो, आणि जपानी चाचणी पार केलेल्या रिमवर जेडब्ल्यूएल ही अक्षरं असतात. चार चाकांच्या आकड्यांची बेरीज नव्हे, तर एका चाकाचा आकडा तुमच्या भरलेल्या गाडीच्या जड ॲक्सलच्या निम्म्या वजनापेक्षा बराच जास्त हवा. खड्ड्यात आपटून तडा गेलेली रिम रोज सकाळी दोन-तीन पॉइंट हवा सोडते, पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नाही. अशी रिम साबणाच्या पाण्यात कडेला बुडबुडे दाखवते. तिला वेल्डिंग करून परत लावू नका.

टायर बदलला तरी चाकाची एकूण उंची मूळच्या एक-दीड टक्क्यात राहिली पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो. ती काढायची पद्धत सोपी. १८५/६५ आर १५ मध्ये १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर ही एका बाजूची भिंत. ती दुप्पट करा आणि त्यात रिमचे १५ गुणिले २५.४, म्हणजे ३८१ मिळवा. उत्तर ६२१ च्या पुढे. आणखी एक इंच खाली जाऊन १८५/७० आर १४ घेतला तर उंची ६१४ च्या पुढे येते, चालण्यासारखी. पण चौदा इंच घेण्याआधी ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते पाहावं लागतं. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला चौदा इंच येत असेल आणि पुढची डिस्क त्याच मापाची असेल तर मावेल. नसेल तर नाद सोडा.

टायरवर मापापुढे जो दोन आकडी अंक असतो तो भाराचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. मूळ टायरपेक्षा खालचा अंक घेऊ नका, टायर हलका मिळत असला तरी.

आम्हाला फ्लो फॉर्म्ड रिम मिळाली ६.१ किलोची. त्यावर मूळ मापाचा टायर ८.१ किलोचा. एकूण १४.२. सतरा इंचीपेक्षा प्रत्येक कोपऱ्यात सहा किलो कमी. पुढचं गुणोत्तर आठवर गेलं आणि मागचं सहाच्या जवळ. दुकानात मी तिथल्याच काट्यावर टायर न चढवलेली रिम ठेवायला लावली. छापील वजनावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा जुना हट्ट.

ब्रेकचं काय?

ब्रेकही स्प्रिंगखालीच आहेत, मग डिस्कही हलकी करू या असं पुढचं टोक लगेच सुचतं. मोटारींच्या इतिहासात यासाठी बरंच डोकं चाललं आहे. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने पुढच्या डिस्क चाकात न ठेवता आत गिअरबॉक्सजवळ बसवल्या. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपने मागच्या डिस्क डिफरन्शियलजवळ नेल्या. ब्रेक बॉडीवर आला, चाकाजवळचं वजन उतरलं. आपल्याकडच्या ॲम्बॅसॅडरमध्ये याच्या अगदी उलट होतं. मागचा अख्खा ॲक्सल डिफरन्शियलसकट पाट्यांच्या स्प्रिंगखाली लटकलेला. मागे बसून खेड्यावरच्या कच्च्या रस्त्याने गेलेल्यांना ते आठवत असेल.

पण तुमच्या गाडीत डिस्क हलकी करू नका. डिस्क नुसती घासत नाही, ती उष्णता साठवते. ११०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली की सुमारे ४२० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, आणि पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला त्यातले दीडशेच्या आसपास येतात. पाच किलोची बिडाची डिस्क त्याने ६५ अंशांनी तापते. तीच चार किलोची केली तर ८० अंशांनी. एकदा थांबण्यात काही बिघडत नाही. पण हायवेवर उन्हात एकामागून एक जोरात ब्रेक लागले की पॅड वास मारू लागतात आणि पेडल मऊ पडतं. एक किलो वाचवायला हा सौदा वाईट आहे. महागड्या गाड्यांत बिडाऐवजी कार्बन-सिरॅमिक डिस्क असते किंवा डिस्कचा मधला भाग ॲल्युमिनियमचा असतो. तिथे वजन उतरवताना तापण्याची सोयही केलेली असते. डिस्कला भोकं पाडून देणारे कारागीर आपल्याकडेही भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. भोकांच्या कडेने तडे जातात.

ब्रेकमधून मिळणारा खरा फायदा वेगळाच आहे: मोठी डिस्क नसेल तर मोठी रिम लागत नाही. सतरा इंची रिमच्या आत तुमची लहान डिस्क केविलवाणी दिसते म्हणून कोणी मोठं ब्रेक किट सुचवलं तर तो वजनावर वजन चढवतोय.

बसवणं आणि तपासणं

बाहेरून घेतलेल्या रिमचं मधलं भोक बहुतेक वेळा गाडीच्या हबपेक्षा मोठं असतं. ती फट भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी मिळते, ती मागून घ्या. ती नसेल तर चाक एक-दोन केस बाजूला बसतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही. ऑफसेट मूळच्या पाच मिलिमीटरच्या आत ठेवा. चाक फार बाहेर आलं की बेअरिंगवर ताण येतो आणि स्टीअरिंग खड्ड्यात हातातून हिसका मारतं. नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. हाताने लावून, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत, तिरके-समोरासमोर आवळायचे. नवी अलॉय असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहायचं.

मग तुलना. रस्ता तोच, वेग तोच, माणसं तीच, थंड टायरची हवा तीच. आम्ही सकाळी सहाला, वर्दळ सुरू व्हायच्या आत, सिमेंट रस्त्याचा एक किलोमीटरचा तुकडा आणि पुढे गट्टू बसवलेला एक तुकडा असं धरलं. ४० आणि ६० ला सिमेंटवर, दहाच्या आत गट्टूवर. गट्टू मुद्दाम घेतला. एक गट्टू साधारण २० सेंटिमीटरचा असतो, आणि ताशी नऊ किलोमीटरला सेकंदाला साडेबारा गट्टू चाकाखालून जातात, म्हणजे चाकाच्या झोक्याच्या चालीला चाल मिळते. चाक जड असेल तर तिथे गाडी शिट्टीविना किटली उकळावी तशी थरथरते.

आकड्यांत बघायचं असेल तर phyphox नावाचं फुकटचं ॲप आहे. फोन मागच्या सीटसमोर जमिनीवर दुहेरी टेपने चिकटवायचा आणि त्यातला त्वरणाचा स्पेक्ट्रम, म्हणजे सेकंदाला किती झोके आणि ते किती जोराचे हे दाखवणारा आलेख, चालू करायचा. सीटवर ठेवू नका, फोम अर्धी थरथर पिऊन टाकतो. सव्वा-दीडच्या जवळचा उंचवटा बॉडीचा आणि अकरा-तेराच्या मधला चाकाचा. चाकं बदलल्यावर आमचा दुसरा उंचवटा खाली बसला आणि किंचित उजवीकडे सरकला. हलकं चाक जास्त जलद झोके घेतं, त्यामुळे तसंच व्हायला हवं होतं. पहिला उंचवटा होता तिथेच राहिला. तोही सरकला असता तर आम्ही काहीतरी दुसरंच बदललंय असं मी मानलं असतं.

ताईला काही न सांगता मागे बसवलं आणि सिग्नलआधीच्या त्याच उखडलेल्या पट्ट्यावर ब्रेक लावला. एबीएस गप्प राहिलं. ती म्हणाली, "शॉकअप बदलले वाट्टे."

एक गोष्ट शेवटी राहिलीच होती. भाच्याची स्टेपनी अजून लोखंडी आहे आणि नव्या अलॉयचे नट निमुळत्या, लांब बैठकीचे. ते नट लोखंडी रिममध्ये नीट बसतीलच असं नाही. आवळले गेल्यासारखे वाटतात आणि वीस किलोमीटरवर सैल होतात. म्हणून मूळचे नट एका पिशवीत बांधून स्टेपनीच्या खोबणीत ठेवले आहेत, आणि पिशवीवर मार्करने लिहिलंय: स्टेपनी लावली तर हेच.